लाल-हिरव्यापलीकडचा डॅशबोर्ड : रंगांधांनाही वाचता येणारी रंगनिवड

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३० एप्रिल २०२० रोजी देशातील १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरव्या क्षेत्रात वर्गीकृत केले. अशी माहिती केवळ रंगांनी नकाशावर दाखवली, तर काही वाचकांना सर्वाधिक धोक्याचे आणि सुरक्षित जिल्हे सारखेच दिसू शकतात. अधिकारी, पत्रकार व नागरिक असे सर्वजण पाहत असलेल्या डॅशबोर्डची रंगसंगती ठरवताना हाच मुख्य प्रश्न असतो.

रंगांधत्वाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांत लाल व हिरव्या छटांमधील भेद ओळखणे कठीण जाते. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने ते पुरुषांत अधिक आढळते. दोन्ही रंग तपकिरी-पिवळसर भासतात, तेव्हा आधार उरतो तो उजळपणाचा. नेमका तोच अनेकदा जुळलेला असतो. उदाहरणार्थ, #D32F2F हा लाल आणि #388E3C हा हिरवा यांच्या उजळपणाचे गुणोत्तर जेमतेम १.२ आहे. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आशय समजण्यासाठी आवश्यक असलेल्या आलेखीय घटकांचे लगतच्या रंगाशी हे गुणोत्तर किमान ३ असावे लागते.

जपानमधील मासाताका ओकाबे आणि केई इतो यांची आठ रंगांची संगती यावर उपयुक्त ठरते. तिच्यातील शेंदरी #D55E00 धोक्यासाठी, पिवळा #F0E442 इशाऱ्यासाठी आणि निळा #0072B2 सुरक्षित स्थितीसाठी घेता येतो. शेंदरी रंग सर्वसाधारण दृष्टीला लालसरच दिसत असल्याने इतर वाचकांची सवय मोडत नाही. निळ्या-पिवळ्यातील भेद लाल-हिरव्या रंगांधत्वातही टिकून राहतो.

मात्र तयार संगती घेतली म्हणजे काम संपत नाही. या शेंदरी व निळ्याचे गुणोत्तर सुमारे १.३ असल्याने कृष्णधवल छपाईत ते जवळपास एकसारखे करडे दिसतात. निळा #003A63 इतका गडद केल्यास गुणोत्तर ३ पर्यंत पोहोचते. तरीही करड्या छपाईत सुरक्षित जिल्हे सर्वांत गडद आणि इशाऱ्याचे सर्वांत फिके दिसतील, म्हणजे तीव्रतेचा क्रम उजळपणावरून कळणार नाही. त्यामुळे धोक्यासाठी त्रिकोण, इशाऱ्यासाठी चौकोन, सुरक्षित स्थितीसाठी वर्तुळ आणि सोबत शब्द देणे आवश्यक ठरते.

पडताळणी दोन टप्प्यांत करता येते. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील Rendering या विभागात दृष्टिदोषाचे अनुकरण निवडून डॅशबोर्ड पाहावा, त्यानंतर त्याची कृष्णधवल प्रत छापावी. अनुकरण हे केवळ अंदाज देते. म्हणून रंगांध व्यक्तीला नकाशा दाखवून ‘धोक्याचे जिल्हे कोणते?’ असे विचारावे. उत्तरासाठी तिला रंगसूची पुन्हा पुन्हा पाहावी लागली, तर रंगसंगती बदलणे गरजेचे आहे.