दुखवट्याचा ठराव : कसा मांडावा, कसा लिहावा

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत साधारणपणे पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रत्यक्ष सभेत मात्र त्याच्याही आधी एक काम होते. अध्यक्ष स्थानापन्न होतात, गणपूर्ती झाल्याचे सचिव सांगतात आणि मग गेल्या सभेनंतर निधन पावलेल्या सभासदांचा दुखवट्याचा ठराव मांडला जातो. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, वाचनालय, शिक्षण मंडळ, सगळीकडे ही प्रथा आहे. विधिमंडळाच्या अधिवेशनातही शोकप्रस्ताव येतो, सदस्य त्यावर बोलतात आणि सभागृह काही वेळ स्तब्ध उभे राहते.

बऱ्याच संस्थांत हा ठराव एका वाक्यात उरकला जातो : ‘अहवाल वर्षात ज्ञात-अज्ञात दिवंगत झालेल्या सर्व सभासद व हितचिंतकांस ही सभा श्रद्धांजली वाहते.’ हजारो सभासदांच्या बँकेला किंवा पतसंस्थेला दुसरा मार्ग नसतो, हे मान्य. पण जिथे सभासद एकमेकांना नावाने ओळखतात, त्या पन्नास-साठ घरांच्या संस्थेत ‘ज्ञात-अज्ञात’ म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. तिथे ठरावात नाव हवे, तारीख हवी आणि त्या माणसाने या संस्थेसाठी काय केले त्याचा एक तरी खरा तपशील हवा.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, चौसष्ट सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या एका ज्येष्ठ सभासद जूनमध्ये वारल्या. त्या सहा वर्षे संस्थेच्या खजिनदार होत्या. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावावर व्हावी म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे गेला, तेव्हा त्याची कागदपत्रे त्यांनीच जुळवली होती. वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे.

सचिवांचे काम सभेच्या निदान आठवडाभर आधी सुरू होते. पहिली गोष्ट यादीची. ‘अहवाल वर्षात’ या शब्दांत इथेच एक चूक दडलेली असते. अहवाल वर्ष ३१ मार्चला संपते आणि सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. म्हणजे जूनमध्ये वारलेल्या या सभासदाचे नाव ‘अहवाल वर्षाच्या’ यादीत येणारच नाही. ते वर्षभराने येईल किंवा विसरले जाईल. म्हणून यादीचा काळ ‘मागील वार्षिक सभेपासून आजपर्यंत’ असा धरावा.

दुसरी गोष्ट नावाची. सगळा मजला ज्यांना काकू म्हणून ओळखतो, त्यांचे पूर्ण नाव सभासद नोंदवहीत वेगळे असू शकते. नाव नोंदवहीतून घ्यावे आणि घरच्यांना एकदा विचारून खात्री करावी. तारखेचेही तसेच. मृत्यू मध्यरात्रीनंतर झाला असेल तर घरचे आदल्या दिवसाची तारीख सांगतात, कुणी तिथी सांगतात. मृत्यूच्या दाखल्यावर जी तारीख आहे तीच लिहावी.

तिसरी गोष्ट नावाआधीच्या उपाधीची. हिंदू कुटुंबात ‘कै.’ लिहिण्याची रीत आहे. अनेक बौद्ध कुटुंबे ‘कालकथित’ लिहितात, मुस्लिम कुटुंबात ‘मरहूम’ म्हणतात. ‘दिवंगत’ हा शब्द कुणालाही चालतो. स्त्रीच्या नावाआधी ‘सौ.’ हवे की ‘श्रीमती’, हेही घरच्यांकडूनच समजून घ्यावे. ‘ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो’ हे वाक्य रूढ असले तरी मृत व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय देव आणि आत्मा मानत नसतील तर ते गाळावे. त्यामुळे ठरावातले काहीही कमी होत नाही.

आता मसुदा. चांगल्या दुखवट्याच्या ठरावाचे तीन भाग असतात. पहिल्यात निधनाची नोंद, दुसऱ्यात संस्थेशी असलेल्या नात्याची आणि कामाची नोंद, तिसऱ्यात सभेची श्रद्धांजली आणि कुटुंबीयांविषयीची सहसंवेदना. आपल्या उदाहरणातला ठराव असा लिहिता येईल :

‘ठराव क्र. १ : आपल्या संस्थेच्या ज्येष्ठ सभासद व माजी खजिनदार कै. श्रीमती (संपूर्ण नाव), सदनिका क्र. (—), यांचे दि. (—) जून रोजी दुःखद निधन झाले. त्यांनी सहा वर्षे संस्थेचे खजिनदारपद सांभाळले. संस्थेच्या जमिनीच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी आवश्यक कागदपत्रे जमवण्याचे व त्यांचा पाठपुरावा करण्याचे काम त्यांनी चिकाटीने केले. त्यांच्या निधनाने संस्थेने एक जाणता व कर्तव्यदक्ष सभासद गमावला आहे. ही सभा त्यांच्या कार्याचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करून त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करीत आहे. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात संस्थेचे सर्व सभासद सहभागी आहेत.’

या ठरावातले वजन मधल्या दोन वाक्यांत आहे. ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’, ‘सर्वांचे लाडके’ ही विशेषणे कुणालाही लावता येतात, म्हणून त्यांतून कुणीच दिसत नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा उल्लेख मात्र फक्त यांचाच आहे. ज्यांनी कधी पद घेतले नाही त्यांच्याविषयीही असा तपशील सापडतो : संस्था स्थापन झाली तेव्हापासूनचे सभासद, गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीच्या वेळी रोज उभे राहणारे, गणेशोत्सवात मुलांची नाटके बसवणारे. शेजारच्या दोघांना विचारले तरी हे कळते. काहीच कळले नाही तर खोटे गुण चिकटवू नयेत. ‘त्या पंधरा वर्षे आपल्या संस्थेच्या सभासद होत्या’ एवढे खरे वाक्यही पुरते. मृत्यूचे कारण ठरावात लिहू नये. आजारपण असो वा अपघात, ते कुटुंबाचे खासगी दुःख आहे. ‘अकाली निधन’ हे शब्दही वय पाहूनच वापरावेत.

एकाहून अधिक सभासद वारले असतील तर प्रत्येकासाठी वेगळा परिच्छेद आणि शेवटी एकत्र श्रद्धांजली, अशी रचना सोयीची असते. नावे निधनाच्या तारखेनुसार लावावीत. पदाच्या मानानुसार लावली तर खालच्या नावाच्या घरच्यांना ते नक्की जाणवते.

सभेत हा ठराव शक्यतो अध्यक्षांनी स्वतः मांडावा. इतर ठरावांसारखे सूचक आणि अनुमोदक इथे लागत नाहीत. अध्यक्ष सगळ्या सभेच्या वतीने बोलत असल्यामुळे कुणी एकाने सुचवायचे आणि दुसऱ्याने पाठिंबा द्यायचा, अशी गरज उरत नाही. काही संस्थांच्या इतिवृत्तात दोन्ही नावे लिहिण्याची पद्धत आहे. तीही चुकीची नाही, पण त्यासाठी सभेत ‘कोण अनुमोदन देतंय?’ अशी शोधाशोध होऊ नये. कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर आधी विचारून दोघा-तिघांची नावे ठरवून घ्यावीत. मृत व्यक्तीची थकबाकी, जुना वाद किंवा सदनिकेचा प्रश्न कुणी काढला तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावे. त्या गोष्टींना सभेत वेगळी जागा आहे.

वाचन झाल्यावर सर्व जण उभे राहून स्तब्धता पाळतात आणि ठराव मंजूर होतो. हात वर करणे नाही, मतमोजणी नाही, टाळ्या नाहीत. दोन मिनिटांची स्तब्धता ही पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटिश साम्राज्यात सुरू झालेली रीत आहे. आपल्याकडे ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. संस्थेच्या सभेत एक मिनिट किंवा दोन मिनिटे, जे आधी सांगितले असेल ते पूर्ण पाळावे. अंदाजाने वीस सेकंदांत ‘बसा’ म्हटले की सगळ्यांनाच संकोच वाटतो, म्हणून सचिवांनी घड्याळ हातात ठेवावे. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी बसून स्तब्धता पाळावी, हे अध्यक्षांनी आधीच सांगितले तर वयस्क सभासदांची ओढाताण होत नाही.

गणपूर्तीचा मुद्दा इथेही सुटत नाही. गृहनिर्माण संस्थेत ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. गणपूर्ती नसताना जमलेल्यांनी स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली तर ती त्यांची भावना झाली, संस्थेचा ठराव नव्हे. ठराव तहकूब सभेच्या सुरुवातीला घ्यावा. नोटीस निघाल्यानंतर निधन झाले आणि विषयपत्रिकेत हा विषय नसला तरी अडत नाही. या ठरावाने कुणाचा हक्क बदलत नाही, पैसा खर्च होत नाही, म्हणून तो अध्यक्षांच्या अनुमतीने घेता येतो.

आणि याच कारणासाठी त्यात दुसरे काही मिसळू नये. मृत सभासदाच्या नावाने बाक बसवणे, कुटुंबाला मदत देणे, रिक्त झालेले समिती सदस्यपद भरणे, हे सगळे वेगळे विषय आहेत आणि ते रीतसर वेगळे यावेत. ठरावात कुणाला ‘त्यांचे वारस’ म्हणणेही टाळावे. सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला आधी तात्पुरते सभासदत्व मिळते आणि पुढचा हक्क वारसाची कागदपत्रे पाहून ठरतो. भावंडांत वाद असेल तर संस्थेच्याच इतिवृत्तात ‘वारस श्री. अमुक’ असे लिहिलेले वाक्य उद्या कुणीतरी पुढे करील. ‘कुटुंबीय’ हा शब्द पुरेसा आहे आणि तो सगळ्यांना सामावून घेतो.

इतिवृत्तात ठरावाचा पूर्ण मजकूर लिहावा. ‘दुखवट्याचा ठराव मंजूर’ एवढीच ओळ लिहिणे म्हणजे नुसते शीर्षक जपून मजकूर हरवणे. खाली लिहावे : ‘हा ठराव अध्यक्षांनी मांडला. उपस्थित सर्व सभासदांनी उभे राहून दोन मिनिटे स्तब्धता पाळून तो सर्वानुमते मंजूर केला.’ कुटुंबातले कुणी सभेला हजर असतील तर त्यांनाही बाकीच्यांप्रमाणे उभे राहू द्यावे. त्यांच्याकडून त्याच वेळी आभाराच्या भाषणाची अपेक्षा करू नये.

सभेनंतर आठवडाभरात ठरावाची प्रत संस्थेच्या पत्रावर, ठराव क्रमांक व सभेची तारीख घालून, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीशिक्क्यासह घरी पोहोचवावी. सोबतचे पत्र दोन वाक्यांचे असावे : ‘आपल्या मातोश्री कै. श्रीमती (—) यांच्या निधनाबद्दल संस्थेच्या दि. (—) रोजीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या ठरावाची प्रत सोबत पाठवीत आहोत. आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत.’ पत्र टपालपेटीत टाकण्यापेक्षा दोघांनी घरी जाऊन द्यावे.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना हा मजकूर पुन्हा वाचला जातो. नाव, तारीख किंवा पदाचा काळ चुकला असेल तर दुरुस्तीची ती योग्य वेळ असते. दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावी आणि दुरुस्त प्रत घरच्यांना द्यावी. संस्थेची वही पुढची अनेक वर्षे राहते आणि तिच्यात त्या सभासदाविषयी असलेली ही काही वाक्ये खरी असणे हे संस्थेचे देणे आहे.