बीजकांची रुजवात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाहूरच्या एखाद्या गाळ्यातील कारखानदाराने दहा लाखांची तांब्याची तार घेतली आणि तीवर १८ टक्क्यांप्रमाणे १ लाख ८० हजार रुपये कर विक्रेत्यास दिला, असे समजू. ही रक्कम त्याला स्वतःच्या करदायित्वातून वजा करता येते; आणि मूल्यवर्धित करसाखळीतील बरीच लबाडी या वजावटीच्या आश्रयाने वावरते, कारण खरेदीदाराने वजा केलेला कर विक्रेत्याने खजिन्यात भरलाच नाही, तर तोटा सरकारचा होतो.

गैरसमज : संगणकावर काढलेले बिल म्हणजे ई-इन्व्हॉइस.

वस्तुस्थिती : बीजक विक्रेता आपल्याच संगणकावर तयार करतो, परंतु ते सरकारी नोंदणी-पोर्टलवर रुजू होऊन त्यास ६४ चिन्हांचा क्रमांक व क्यूआर कोड मिळाल्यावाचून ते ई-इन्व्हॉइस ठरत नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व बीजक क्रमांक यांपासून तो क्रमांक सिद्ध होत असल्याने तेच बीजक दोनदा नोंदवता येत नाही. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून आरंभलेली ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीपर्यंत उतरली. त्याखालचे लहान विक्रेते अद्याप तिच्या बाहेर आहेत.

गैरसमज : क्रमांक मिळाला म्हणजे व्यवहार खरा.

वस्तुस्थिती : पोर्टल तपशिलाचे रूप पारखते, गोदामातील माल पाहत नाही. तार न पाठवताच बीजक फाडणारी पेढीही क्रमांक मिळवू शकते, आणि दोन्ही पक्ष सामील असतील तर त्यांच्या नोंदी हुबेहूब जुळतात. अशी लबाडी उघडकीस येते ती साखळी वरपर्यंत तपासल्यावर : मोठी विक्री दाखवणाऱ्या पेढीची खरेदी कोठेच सापडत नाही, मालाच्या वाहतुकीचे ई-वे बिल नसते, किंवा तीच बीजके काही पेढ्यांतून फिरून मूळ ठिकाणी परततात.

गैरसमज : बीजक जीएसटीआर-२बी मध्ये दिसले की वजावट पक्की.

वस्तुस्थिती : दरमहा १४ तारखेला निघणारा हा तक्ता विक्रेत्याने जाहीर केलेली विक्री दाखवतो, त्याने केलेला भरणा नव्हे, आणि कर प्रत्यक्ष भरलेला असणे ही कायद्याच्या १६व्या कलमातील स्वतंत्र अट आहे. महाराष्ट्राला ही अट नवी नाही. राज्याच्या व्हॅट कायद्याच्या ४८(५) कलमाने वजावट खजिन्यात खरोखर जमा झालेल्या करापुरतीच मर्यादित केली होती, आणि महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रकरणात २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. आज विक्रेत्याने आपले जीएसटीआर-३बी विवरणपत्र आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत दाखल केले नाही, तर नियम ३७अ प्रमाणे आपल्या कारखानदारास ते १ लाख ८० हजार रुपये ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावे लागतात. पुढे विक्रेत्याने विवरणपत्र भरल्यास ती वजावट पुन्हा घेता येते.

म्हणून बीजक जुळले की समाधान न मानता विक्रेत्याचे ३बी दाखल झाले का, हे पोर्टलवर दरमहा पाहावे, आणि माल पोहोचल्याची पावती, वजनचिठ्ठी व बँकेतील भरण्याचा दाखला बीजकासोबत दप्तरी ठेवावा.