काजळी खाली, कीड वर

पावसाळा ओसरला की बागेतल्या झाडांची पाने कुणी चुलीवर धरल्यासारखी काळी दिसू लागतात. पुण्यात आमच्या सोसायटीच्या अंगणात शेजारच्या काकूंचा मोगरा असाच काळवंडला होता. दुकानदाराने दिलेले बुरशीनाशक त्यांनी दोनदा फवारले, पण पाने काळी ती काळीच राहिली. काकूंचा ग्रह असा की मोगऱ्याला रोग झाला आहे, आणि पानावर एवढी बुरशी दिसल्यावर दुसरे काय वाटणार?

ओला कापूस पानावर जरा दाबून फिरवला की उलगडा सुरू होतो. काळा थर कापसावर येतो आणि खाली हिरवेगार, धड पान दिसते. करपा किंवा ठिपक्यांचा रोग असता तर डाग पानाच्या आतच असता, पुसून गेला नसता. ही बुरशी, म्हणजे कॅप्नोडियम आणि तिची भावंडे, झाडाच्या पेशीत शिरतच नाही. ती पानावर सांडलेल्या साखरेवर वाढते. थर दाट झाला की पानाला ऊन कमी मिळते, झाड मलूल होते, फळे काळी पडून बाजारात भाव मिळत नाही. एवढेच तिचे नुकसान. बुरशीनाशकाने ती थोडी मागे हटली तरी साखर ठिबकत राहते, आणि वाढलेल्या ताटावर ती पुन्हा येऊन बसते.

ही साखर म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतला चिकटा. मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी असे रस शोषणारे कीटक तो टाकतात. आंब्याच्या मोहरावर हेच काम तुडतुडे करतात, आणि विदर्भात संत्र्यावरच्या काळ्या माशीमुळे बागा काळ्या होतात, तिला तिकडे कोळशी म्हणतात. या कीटकांची सोंड पानाच्या रसवाहिनीपर्यंत पोचते. त्या रसात साखर भरपूर असते, पण शरीर घडवायला लागणारी अमिनो आम्ले फार थोडी. पुरेशी अमिनो आम्ले मिळवायची तर रस भरमसाट प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागच्या दाराने बाहेर टाकावी लागते. शिवाय रस इतका गोड असतो की तो आतड्यात तसाच राहिला तर कीटकाच्या शरीरातले पाणी ओढून घेईल. म्हणून कीटक साध्या साखरेचे रेणू जोडून लांब साखळ्या करतो, त्याने रसाची पाणी ओढण्याची ताकद कमी होते. माव्याच्या पेशींत राहणारे बुकनेरा नावाचे जीवाणू तर त्याला हवी ती अमिनो आम्लेसुद्धा करून देतात. एवढी सोय असूनही थेंब पडतच राहतात.

थेंब खाली पडतो, आणि शोध नेमका इथेच चुकतो. काजळी पानाच्या वरच्या बाजूवर असते, तर कीड बहुतेक वेळा वरच्या पानाच्या पोटाशी. ज्या पानावर काळे दिसते त्याच पानावर कीड शोधणारा हात हलवत परततो. मोगऱ्याची पाने मी उलटीपालटी करून पाहिली, मागची बाजू स्वच्छ होती. मग वर पाहिले, तर पेरूची फांदी मोगऱ्यावर वाकलेली होती. खाली उभ्या असलेल्या दुचाकीच्या सीटलाही हात चिकटत होता. खात्रीसाठी संशयित फांदीखाली एक काळा गुळगुळीत कागद रात्रभर ठेवावा. सकाळी तिरप्या उजेडात धरला की बारीक चमकदार ठिपके दिसतात. ठिपके जिथे दाट, त्याच्या थेट वर शोधायचे. मुंग्यांची रांग असेल तर ती याहूनही चांगली वाटाडी.

पेरूच्या पानांमागे मधल्या शिरेला चिकटून दोन-तीन मिलिमीटरचे चपटे, लांबट-गोल, फिकट हिरवे ठिपके बसले होते. भिंगातून पाहिले की प्रत्येकाच्या पाठीवर आतल्या आतड्याची काळसर वळलेली रेघ दिसते. ही हिरवी खवले कीड, कॉकस व्हिरिडिस. सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांत ती धुमाकूळ घालत असताना अर्नेस्ट ग्रीन यांनी 1889 साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. मादीला पिल्ले घालायला नर लागत नाही, म्हणून एकाच मादीपासून फांदी भरते. नुकतीच जन्मलेली पिल्ले थोडी रांगतात, जागा निवडतात आणि मग बहुधा तिथेच बसून राहतात.

माव्याची ओळख वेगळी. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर तो घोळक्याने असतो, फांदी हलवली तर पाय हलवतो, आणि खालच्या पानांवर त्याच्या टाकलेल्या पांढऱ्या काती पडलेल्या दिसतात. त्याउलट खवले हलत नाही, ते नखाने उचलून पाहावे लागते. आणखी एक फसगत इथे होते. काही खवल्यांवर सुटे, कडक कवच असते, नखाने कवच निघते आणि आतला मऊ कीटक झाडालाच राहतो. अशी कवचधारी खवले कीड चिकटा टाकतच नाही. फांदीवर तीच सापडली तर तिला धरून चालणार नाही, खरा गुन्हेगार अजून मोकळा आहे.

सापडलेली कीड जिवंत आहे का, हेही पाहावे. नखाखाली चिरडल्यावर रस निघाला तर जिवंत. कोरडे टरफल निघाले किंवा पाठीवर गोल भोक दिसले तर बारीक परजीवी गांधीलमाशीने तिचे काम आधीच उरकलेले असते. पांढऱ्या बुरशीची झालर दिसली तर व्हर्टिसिलियमसारखी कीडखाऊ बुरशी कामाला लागली आहे. आपल्याकडे ती बाटलीत विकतही मिळते, पण तिला दमट हवा लागते, ऐन उन्हाळ्यात फवारून उपयोग नाही.

मुंग्यांना आधी अडवावे. त्या थेंब पिऊन किडीला स्वतःच्या चिकट्यात गुदमरू देत नाहीत आणि ढालकिडे, गांधीलमाश्या यांना हुसकून लावतात. खोडाला कापडाची किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे. सालीवर थेट लावू नये. भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेली एक फांदी हा सगळा बंदोबस्त फोल करते, ती छाटावी. मग कडुनिंबाचे तेल एका लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात नीट मिसळून, संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला फवारावे. वरच्या बाजूने फवारणे म्हणजे दुचाकी धुणे. आधी दोन-चार पानांवर करून पाहावे. हे रांगणाऱ्या पिल्लांना मारते, जुन्या माद्यांवर परिणाम कमी होतो, म्हणून दहा-बारा दिवसांनी परत फवारणी लागते. मोजक्याच फांद्या असतील तर जुन्या ब्रशाने खरवडणे जास्त भरवशाचे.

पांढरी मेणाची लव असलेल्या, पिठ्या ढेकणासारख्या दिसणाऱ्या पण चपळ धावणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्यांना मारू नये. त्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या असू शकतात. 1898 साली हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला होता तो हिरव्या खवल्यासाठीच. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण पिठ्या ढेकणावर मात्र तो अजून जगतो आहे.

पेरूची फांदी छाटली, फवारले, मुंग्या थांबल्या, तरी मोगऱ्याची जुनी पाने काळीच होती. थर आपोआप लगेच जात नाही. एक किलो मैदा पाच लिटर पाण्यात उकळून, वीस लिटरपर्यंत पातळ करून उन्हात फवारला की वाळलेल्या खळीबरोबर काजळीचे पापुद्रे सुटतात. कुंडीसाठी याच्या एक दशांश पुरते. काम झाले की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. नवी पालवी चिकट होत नसेल आणि फांदीखालच्या कागदावर ठिपके पडत नसतील, तर कीड आटोक्यात आली.