लोणच्याच्या किलोचा हिशेब

कैरीचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. लोणचे मात्र वर्षभर खपते. वाणिज्याच्या वर्गासाठीच्या या गोष्टीतला बचत गट याच पेचात सापडला होता. गटप्रमुख बाईने किलोचा हिशेब मांडला: विक्री 200 रुपये, त्यातून सामान 120, बरणी-लेबल 25, दुकानदाराचे 40. उरले 15, आणि बायकांची मजुरी त्यात धरलेलीच नव्हती!

तिने शेजारचे दोन गट जोडून सहकारी संस्था नोंदवली. भाग प्रत्येकीने घेतला. मत मात्र प्रत्येकीला एकच. भागभांडवलातून कैरी, तेलाचे डबे, बरण्या घाऊक भावाने आल्या. सामान 100 वर, बरणी 18 वर उतरली. किलोमागे 42 उरू लागले. मजुरी त्यातून निघाली.

पहिल्याच वर्षी एका खेपेला बुरशी धरली. फोडी ओलसर राहिल्या होत्या, वर तेलही कमी होते. घरोघरची अंदाजाची पद्धत तिथे संपली. कैरी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करायची, मीठ तोलूनच घालायचे, फोडींवर अर्धा सेंटिमीटर तेल दिसल्याशिवाय झाकण लावायचे नाही, हे ठरले. बरणीवर खेपेचा क्रमांक आला. त्यामुळे तक्रार आली की तेवढीच खेप परत मागवता येऊ लागली.