जूनमध्ये जुळलं, जुलैत चुकलं

माझ्या ओळखीच्या एका छोट्या कार्यालयात जून २०२५ मध्ये हजेरीपत्रक पहिल्यांदा एक्सेलमध्ये गेलं. वरच्या ओळीत १ ते ३० तारखा, डावीकडे नावं आणि शनिवार-रविवारचे रकाने आपोआप राखाडी व्हावेत असा नियम. महिनाभर सगळं बिनचूक चाललं. जुलैसाठी त्याच पत्रकाची नक्कल काढून शेवटी ३१ लिहिलं, आणि मंगळवारी, १ जुलैला, कामावर आलेल्या सगळ्यांच्या सह्या सुट्टीच्या राखाडी पट्ट्यात पडल्या. रविवार ६ तारखेचा रकाना मात्र पांढराशुभ्र.

नियमाचं सूत्र बरोबर होतं. चूक होती ती वरच्या ओळीत. एक्सेल तारीख म्हणजे दिवसांची मोजणी ठेवतं. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस, तर १ जुलै २०२५ म्हणजे ४५८३९वा. रकान्यात नुसता १ लिहिला की एक्सेलच्या लेखी तो १९०० सालचा पहिला दिवस ठरतो, आणि त्या दिवशी रविवार होता असं ते धरून चालतं. (खरं तर सोमवार होता. १९०० हे लीप वर्ष मानण्याची जुनी चूक त्यात अजून तशीच आहे.) त्यामुळे महिना कुठलाही असो, १, ७, ८, १४, १५ हेच रकाने रंगतात. जून २०२५ ची पहिली तारीख नेमकी रविवारीच आली होती, म्हणून चूक महिनाभर झाकून राहिली. दर महिन्याला तेच रकाने रंगत असतील, तर वरच्या ओळीत तारखा नसून नुसते आकडे आहेत हे ओळखावं.

म्हणून तारीख पूर्ण लिहायची आणि दाखवायची मात्र थोडकी. B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख लिहा. C4 मध्ये `=$B$1`, D4 मध्ये `=C4+1`, आणि ते उजवीकडे २८ तारखेपर्यंत, म्हणजे AD4 पर्यंत ओढा. मग `Ctrl+1` दाबून Custom मध्ये `d ddd` लिहिलं की रकान्यात तारीख आणि वार एवढंच दिसतं, आत पूर्ण तारीख शाबूत राहते. २९ तारखेच्या AE4 मध्ये पुढचं सूत्र लिहून ते AG4 पर्यंत ओढा, म्हणजे महिना संपल्यावरचे रकाने कोरे दिसतील:

```
=IF(AD4="","",IF(MONTH(AD4+1)=MONTH($B$1),AD4+1,""))
```

आता रंग. C4 पासून सुरुवात करून शेवटच्या नावाच्या ओळीतल्या AG पर्यंतचा भाग निवडा. Home मध्ये Conditional Formatting, New Rule, आणि त्यातला सूत्र लिहिण्याचा शेवटचा पर्याय. तिथे लिहा:

```
=WEEKDAY(C$4,2)>5
```

२ या आकड्यामुळे सोमवार १ आणि रविवार ७ ठरतो. त्यामुळे ५ च्या वर म्हणजे शनिवार किंवा रविवार. खरी गोम त्या एका डॉलरच्या चिन्हात आहे. ते ४ च्या आधी असल्याने प्रत्येक घर आपल्याच रकान्यातली, पण कायम चौथ्या ओळीतली तारीख पाहतं. `$C$4` लिहिलं तर सगळी घरं एकच तारीख पाहतात, आणि पत्रक एक तर सगळं रंगतं नाही तर सगळं कोरं राहतं. डॉलर मुळीच नसेल तर आणखी चमत्कारिक दृश्य दिसतं. तारखांची ओळ बरोबर रंगते, पण खालचं प्रत्येक घर स्वतःलाच वार विचारतं. रिकामं घर म्हणजे शून्य, आणि शून्याचा वार एक्सेल शनिवार सांगतं! म्हणून रिकामी घरं सगळी राखाडी, आणि ‘P’ भरलं की ते घर पांढरं. असं दिसलं की डॉलर विसरला आहे हे नक्की.

हे झालं पाच दिवसांच्या आठवड्याचं. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत तो २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस आला. बँकांना मात्र सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे कामाचे. तिथे शनिवार कितवा हेही मोजावं लागतं. तारखेला ७ ने भागून वरच्या पूर्णांकापर्यंत नेलं की ते कळतं. ८ ते १४ चे २ होतात, २२ ते २८ चे ४. हा आकडा सम असेल तरच शनिवार रंगवायचा:

```
=OR(WEEKDAY(C$4,2)=7,AND(WEEKDAY(C$4,2)=6,ISEVEN(ROUNDUP(DAY(C$4)/7,0))))
```

जुलै २०२५ साठी हे सूत्र ६, १२, १३, २०, २६ आणि २७ हे सहा रकाने रंगवतं आणि २५ पांढरे उरतात. B1 मध्ये नव्या महिन्याची तारीख टाकल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरशी एकदा असंच ताडून पाहावं. त्यासाठी महिना मात्र असा घ्यावा, ज्याची पहिली तारीख रविवारी येत नाही.