टँकर आला आणि डेन्सिटी राहिली

पेट्रोल पंपावर सकाळची पाळी कामावर आली की पहिली गाडी लागण्याआधी काही कामे ठरलेल्या क्रमाने उरकावी लागतात. आधी प्रत्येक नोझलच्या मशीनवरचा एकूण विक्रीचा आकडा लिहून घ्यायचा. मग जमिनीखालच्या टाकीत डिप रॉड सोडून साठा मोजायचा. रॉडच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला, तर टाकीच्या तळाशी पाणी आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ही पेस्ट वेगळी लागते, कारण इथेनॉल पाण्याला धरते आणि साधी पेस्ट फसू शकते. त्यानंतर प्रत्येक नोझलमधून पाच लिटरच्या शिक्कामोर्तब केलेल्या मापात इंधन सोडून बघायचे. २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरले, तर ते नोझल बंद ठेवायचे. मापातले इंधन पुन्हा टाकीत ओतायचे आणि तशी नोंद करायची, नाहीतर संध्याकाळी विक्रीचा हिशेब जुळत नाही.

यातले सर्वांत नाजूक काम म्हणजे डेन्सिटी, अर्थात इंधनाची घनता. काचेच्या जारमध्ये नमुना घेऊन त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडतात. ऊन वाढले की इंधन फुगते आणि घनता उतरते, म्हणून वाचलेला आकडा तक्त्यावरून १५ अंश तापमानाच्या आकड्यात बदलून घेतात. उदाहरणार्थ, २८ अंशांना पेट्रोलची घनता ७३२ दिसली, तर १५ अंशांना ती साधारण ७४३.५ किलो प्रति घनमीटर होते. टाकीचा आधीचा नोंदलेला आकडा ७४५ असेल, तर फरक दीडचा. तीनपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे गेला तर विक्री थांबवून चौकशी करावी लागते, कारण भेसळीची पहिली चाहूल अनेकदा इथेच लागते.

आता एक कल्पित बुधवार घेऊ. टाकीत ४,००० लिटर जुने पेट्रोल आहे. पहाटेच टँकर येऊन उभा राहतो, चालकाला पुढे जायची घाई असते. सकाळची डेन्सिटी न घेताच पाइप जोडला जातो आणि ८,००० लिटर नवे पेट्रोल टाकीत उतरते. त्याची घनता पावतीवरून ७५१ अशी उतरवून घेतली जाते. माल उतरल्यावर मिश्रणाची घनता घ्यायची, तीही गर्दीत राहते.

गुरुवारी सकाळी आकडा येतो ७४४. जुने ७४३.५ आणि नवे ७५१ धरले, तर मिश्रण ७४८.५ च्या आसपास हवे होते. साडेचारची तफावत आहे, पण दोष कुठे? जुना साठा ७३० पर्यंत घसरलेला असेल, तरी हाच आकडा येतो. नवा माल पावतीवरच्या ७५१ ऐवजी प्रत्यक्षात ७४४ च्या जवळ असेल, तरीही येतो. दोन्ही एकत्र झाले आहेत आणि बुधवारची सकाळ परत मोजता येत नाही.

म्हणून राहिलेल्या कामांची नोंद ठेवताना दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पाच लिटरची तपासणी सहाऐवजी आठला झाली, तर मधले दोन तास धोक्यात गेले, पण नोझलचा दोष तेव्हाही सापडतो. टँकर उतरण्याआधीची डेन्सिटी मात्र एकदा राहिली की कायमची गेली. रजिस्टरमध्ये ‘उशिरा झाली’ आणि ‘राहिली’ हे दोन वेगळे शेरे हवेत, शेजारी वेळ आणि कारण हवे. रिकामा रकाना दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरणे सर्वांत घातक, कारण मग दोष शोधणारा खोट्या आकड्यावर भरवसा ठेवतो. अशी भरती ओळखता येते. पहाटेचे तापमान ऋतूप्रमाणे हलते. आठवडाभर तेच तापमान आणि तीच घनता दिसली, तर हायड्रोमीटर जारमध्ये उतरला नसावा असे समजावे.

मोबाइलवरच्या यादीत वेळ आपोआप नोंदवली जाते, आणि ठरलेल्या वेळेत काम झाले नाही तर व्यवस्थापकाला संदेशही जातो. पण बटण कधी दाबले एवढेच त्यातून कळते. म्हणून खुणेऐवजी वाचलेला आकडाच भरायला लावणे बरे.

महिन्याच्या शेवटी ‘राहिली’चे शेरे एकत्र वाचले की कारण दिसते. ते सगळे टँकरच्या दिवशीचे निघाले, तर कामगाराला दंड करून काही बदलत नाही, टँकर पुन्हा पहाटेच येणार असतो. तिथे नियम एकच हवा: टाकीची डेन्सिटी रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय टँकरचा पाइप जोडायचा नाही. पुढच्या महिन्यात ते शेरे कमी झाले नाहीत, तर नियम कागदावरच राहिला आहे.

ग्राहकालाही पंपावर डेन्सिटीची नोंद बघायला मागता येते. तिथे एखादा ‘राहिली’ शेरा कारणासकट दिसला, तर घाबरू नये. वर्षभर एकही दिवस न चुकलेले, एका हाताने आणि एका शाईने भरलेले पान दिसले, तर मात्र तिथेच उभे राहून पाच लिटरचे माप मागावे.