एक गाणं, चार स्पीकर

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार घरांतून चार ब्लूटूथ स्पीकर आले. एक चाकांचा मोठा, दोन पाण्याच्या बाटलीएवढे आणि एक मुठीत मावणारा. मॉडेलं वेगवेगळी, पण कंपनी एकच, म्हणून मुलांनी ते पार्टी मोडमध्ये जोडले. मोठा स्पीकर गच्चीच्या उत्तर टोकाला ठेवला, बाकीचे तीन दक्षिण टोकाला. गाणं सुरू झालं आणि दक्षिणेकडे बसलेल्या काकू म्हणाल्या, "अरे, ढोलकीची थाप दोनदा पडतेय!" उत्तरेकडे मोठ्या स्पीकरजवळ नाचणारी मुलं म्हणाली, "नाही हो काकू, एकदम बरोबर वाजतंय." दोघांचंही खरं होतं, आणि ते कसं हे कळलं की पार्टी मोडचं बरंचसं कोडं सुटतं.

फोन सहसा एकाच स्पीकरशी बोलतो. त्याला मुख्य स्पीकर म्हणू. तो आलेलं गाणं थोडं साठवतो, बाकीच्यांना रेडिओवरून पाठवतो आणि सगळ्यांच्या हाती पोहोचेपर्यंत स्वतःही थांबतो. साध्या ब्लूटूथमध्येच फोनपासून कानापर्यंत साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद जातात, पार्टी मोडमध्ये त्यात या थांबण्याची भर पडते. नुसतं गाणं ऐकताना हा उशीर कळतही नाही, कारण तो सगळ्यांना सारखाच असतो. कानाला टोचतो तो स्पीकरा-स्पीकरांतला फरक.

स्टिरिओ जोडणी आणि पार्टी मोड यांतला खरा भेद इथेच आहे. स्टिरिओत एक स्पीकर गाण्याची डावी बाजू वाजवतो, दुसरा उजवी. गायिका मधोमध उभी आहे असा भास होतो तो दोन्ही आवाज एकाच क्षणी पोहोचतात म्हणून. एक आवाज जेमतेम एक मिलिसेकंद आधी आला, तरी कान ठरवतो की गायिका त्याच बाजूला आहे. एवढी काटेकोर वेळ पाळायची, तर दोन्ही स्पीकर आतून एकसारखे हवेत. म्हणून कंपन्या स्टिरिओसाठी एकाच मॉडेलची जोडी मागतात. मोठा आणि छोटा स्पीकर आवाजावर आतल्या आत वेगवेगळी प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेला लागणारा वेळ वेगळा, आणि आवाजाचा पोतही वेगळा.

पार्टी मोडमध्ये डावं-उजवं वाटून दिलेलं नसतं, प्रत्येक स्पीकर पूर्ण गाणंच वाजवतो. त्यामुळे चुकायला वाव जास्त. गाण्यातले दोन आवाज वीस-तीस मिलिसेकंदांच्या अंतराने आले, तरी कान त्यांना एकच मानतो. त्यापुढे गेलं की थापेची दुसरी कड ऐकू येऊ लागते, आणि आणखी पुढे सरळ प्रतिध्वनी.

पण सगळाच उशीर यंत्राचा नसतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. आमची गच्ची २४ मीटर लांब. काकू दक्षिणेच्या स्पीकरांपासून सहा मीटरवर होत्या, म्हणजे मोठ्या स्पीकरपासून अठरा मीटरवर. बारा मीटर जास्त अंतर, म्हणजे सुमारे ३४ मिलिसेकंदांचा उशीर केवळ हवेचा. ढोलकीची थाप इतकी स्वच्छ दोनदा ऐकू यायची, तर एवढं पुरेसं वाटेना. मोठा स्पीकर स्वतःही मागे पडत असावा असा मला संशय आला.

हे तपासायला उपकरण लागत नाही. फोनवर मेट्रोनोम लावायचा, एका मिनिटाला साठ ठोके. दोन्ही टोकांना एकेकच स्पीकर चालू ठेवायचा, आवाज साधारण सारखे करायचे आणि बरोबर मध्यावर उभं राहायचं. इथे हवेचं अंतर दोन्हीकडून सारखं असतं. 'टक' एकच आला तर स्पीकर जुळलेले आहेत. 'ट-टक' आला तर एक मागे आहे. मग एका स्पीकरकडे हळूहळू चालत जायचं. दोन ठोके दूर होत गेले तर दिशा चुकली, मागे फिरायचं. मागे पडलेल्या स्पीकरच्या जवळ जाताना त्याचा आवाज लवकर येऊ लागतो, दुसऱ्याचा उशिरा, आणि एका जागी दोन्ही ठोके एकमेकांत मिसळतात. ही जागा दोन-चार पावलांची असते, तिचा मध्य धरायचा. गच्चीच्या मध्यापासून तिथपर्यंत जितके मीटर, त्या प्रत्येक मीटरमागे सुमारे सहा मिलिसेकंद, कारण एका मीटरने सरकलं की एक अंतर मीटरभर वाढतं आणि दुसरं तितकंच घटतं.

मी चालत गेलो. ठोके जुळले ते मध्यापासून सात मीटर उत्तरेला. म्हणजे मोठा स्पीकर सुमारे ४० मिलिसेकंद मागे होता. मुलं नाचत होती ती नेमकी त्याच जागी, म्हणून त्यांना काही खटकत नव्हतं. काकूंच्या वाट्याला हवेचे ३४ आणि यंत्राचे ४० असे दोन्ही उशीर आले होते.

जरा वेळापूर्वी मोठ्या स्पीकरचा आवाज क्षणभर तुटून परत आला होता, हे मग एका मुलीला आठवलं. ब्लूटूथच्या लहरींना माणसांची गर्दी अडवते, कारण शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं, आणि मुख्य स्पीकर खाली जमिनीवर होता. तुटून परत आलेला स्पीकर कधीकधी पूर्वीच्या तालावर बसत नाही. आम्ही सगळा गट सोडला, मुख्य स्पीकर गच्चीच्या मध्याजवळ टाकीच्या कठड्यावर उंच ठेवला आणि गट पुन्हा जोडला. मेट्रोनोमचे ठोके आता मध्यापासून जेमतेम एका मीटरवर जुळले. मग दूरच्या टोकाचा मोठा स्पीकरही बाकीच्यांजवळ आणला, कारण हवेचा उशीर कुठल्याच बटणाने जात नाही, स्पीकर जवळ आणले तरच जातो.

गट जोडतानाच अडचण आली, तर आधी पिढी पाहावी. नुसती कंपनी एक असून भागत नाही. जेबीएलचंच घ्या. फ्लिप ४ मध्ये कनेक्ट प्लस आहे, फ्लिप ५ आणि ६ मध्ये पार्टीबूस्ट, तर फ्लिप ७ मध्ये ऑराकास्ट. या तीन पद्धती एकमेकींची भाषा समजत नाहीत. जुन्या स्पीकरशेजारी नवा आणून बटण कितीही दाबलं तरी ते जुळत नाहीत, आणि माणसाला वाटतं स्पीकर बिघडला.

रात्री उशिरा प्रोजेक्टरवर सिनेमा लावला, तेव्हा मात्र आतापर्यंत न कळलेला सामायिक उशीर समोर आला. ओठ आधी हलत, शब्द मागून येत. आवाज चित्राच्या मागे सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत असला तर सहसा कळत नाही, त्यापुढे डोळा पकडतो. गट सोडून दोन बाटलीएवढे स्पीकर स्टिरिओत जोडले (सुदैवाने ते एकाच मॉडेलचे होते), त्याने थोडा फरक पडला. उरलेला लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरने काढला. त्यात J दाबलं की आवाज दरवेळी ५० मिलिसेकंद आधी सरकतो. तीनदा दाबल्यावर ओठ आणि शब्द जुळले.

सिनेमात हे जमतं, कारण पुढचा आवाज फाइलमध्ये आधीच असतो. माइकवर गाणाऱ्याचा पुढचा सूर अजून कोणीच गायलेला नसतो, तो आधी पाठवणार कसा? म्हणून काकूंनी माइक हातात घेतला तेव्हा आम्ही बाकीचे तीन स्पीकर बंद केले आणि माइकची वायर थेट मोठ्या स्पीकरला लावली. पहिल्याच ओळीला मुलांच्या टाळ्या ठेक्यावर पडल्या.